पिवळा डॉलर

समजा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात एक सर्पमित्र आहे. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या माळ्यावर साप निघाला की रात्री-अपरात्री फोन यालाच. यूट्यूबवर त्याचं चॅनल आहे, १४ हजार सबस्क्रायबर आहेत, जाहिरातींचे थोडेफार पैसे मिळतात, आणि त्यातले बरेचसे श्रावणाच्या आगेमागे मिळतात. कारण पावसाळ्यात साप बाहेर पडतात आणि लोकही सापांचे व्हिडिओ शोधायला लागतात.

नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी तो साडेअकरा मिनिटांचा नवा व्हिडिओ टाकतो. घोणस चावलेल्या एका शेतमजुराची खरी हकीकत आहे. आधी मांत्रिकाकडे नेलं, मग कुणीतरी ब्लेडनं चीर दिली, मग पायाला करकचून दोरी बांधली, आणि या सगळ्यात वेळ गेल्यावर माणूस रुग्णालयात पोचला. शेवटची चार मिनिटं तिथले डॉक्टर बोलतात: चीर देऊ नका, दोरी आवळू नका, पाय न हलवता थेट दवाखाना गाठा. शीर्षक दिलंय, ‘घोणस चावली आणि पाय सडला!’ थंबनेलवर काळानिळा सुजलेला पाय आणि त्याकडे दाखवणारा लाल बाण. पहिली वीस सेकंदं कॅमेरा त्या जखमेवरच आहे, कारण सुरुवात जोरात झाली नाही तर माणूस पुढं सरकतो, हे त्याला अनुभवानं कळलंय.

जेवून येतो आणि फोन उघडतो, तर व्हिडिओच्या ओळीत हिरव्याऐवजी पिवळा डॉलर. त्यावर इंग्रजीत लिहिलंय: ‘Limited or no ads’. पूर्वी याच जागी ‘Not suitable for most advertisers’ असं यायचं, म्हणजे ‘बहुतेक जाहिरातदारांसाठी योग्य नाही’. शब्द बदलले, अर्थ तोच राहिला.

त्याचा पहिला प्रश्न कुठल्याही यूट्यूबरचा असतो तोच: “कुणी तक्रार केली?”

कुणीच केलेली नसते. इथून पुढं काय करायचं ते समजून घ्यायचं तर आधी हा पिवळा रंग लागतो कसा, ते पाहायला हवं.

रंग कोण लावतं?

व्हिडिओ चढला की यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा तो तपासते. फक्त चित्र आणि आवाज नाही. शीर्षक, थंबनेल, खालचं वर्णन आणि टॅगही तपासले जातात. या सगळ्यावरून ती एकाच प्रश्नाचं उत्तर ठरवते: साबण, विमा किंवा मोबाईल विकणाऱ्या कंपनीला आपली जाहिरात या व्हिडिओच्या शेजारी दिसलेली चालेल का?

म्हणून व्हिडिओतली माहिती खरी आहे की खोटी, तो उपयोगी आहे की निरुपयोगी, याचा हा निकाल नव्हे. व्हिडिओ यूट्यूबवर ठेवायच्या लायकीचा आहे की नाही, तो नियम वेगळा. त्याला कम्युनिटी गाईडलाईन्स म्हणतात, आणि तो मोडला तर व्हिडिओच काढून टाकतात. पिवळ्या डॉलरचा व्हिडिओ तिथेच राहतो, लोक तो पाहू शकतात. यूट्यूबचं म्हणणं असं की, या रंगामुळे व्हिडिओ कुणाला सुचवायचा आणि कुणाला नाही, यात फरक पडत नाही. फरक पडतो तो पैशात.

तो कसा, हेही पाहू. जाहिरात देणारी कंपनी गूगलला सांगू शकते की, आम्हाला कोणत्या प्रकारच्या व्हिडिओंवर दिसायचंय. तिच्यापुढं तीन पर्याय असतात. पहिला रुंद, त्यात थोडे तिखटमीठ लावलेले व्हिडिओही चालतात. दुसरा मधला, बहुतेक कंपन्यांना साजेसा. तिसरा अरुंद, अगदी सोवळा. पिवळा डॉलर म्हणजे तुमच्या व्हिडिओवर फक्त त्याच मोजक्या कंपन्या येणार, ज्यांनी अशा मजकुराला आपणहून होकार दिलाय. त्या असतील तर थोडी जाहिरात येते, नसतील तर काहीच येत नाही. नावातच ‘limited’ आणि ‘no’ असे दोन शब्द आहेत ते त्यामुळे. व्हिडिओच्या पानावर लागणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नातले ५५ टक्के चॅनलवाल्याला मिळतात. ते प्रमाण पिवळ्या रंगानं बदलत नाही, मुळातली रक्कमच आटते. यूट्यूबचे पैसे भरून जाहिरातमुक्त सेवा घेणारे प्रेक्षक असतात, त्यांनी व्हिडिओ पाहिल्याचा वाटा मात्र पिवळ्या व्हिडिओलाही मिळत राहतो.

ही सोवळ्याओवळ्याची व्यवस्था एका घटनेमुळे घट्ट झाली. २०१७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’नं दाखवून दिलं की, नामांकित कंपन्यांच्या आणि खुद्द ब्रिटिश सरकारच्या जाहिराती अतिरेकी विचारांच्या व्हिडिओंना लागून चालल्यात. सरकारनं आणि ‘द गार्डियन’नं जाहिराती थांबवल्या, पाठोपाठ अमेरिकेत एटी अँड टी, व्हेरायझन, जॉन्सन अँड जॉन्सन यांनीही हात आखडता घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पिवळा डॉलर आला, आणि त्याच्याबरोबरच फेरतपासणी मागण्याची सोयही. यंत्र चुकणार, हे पहिल्या दिवसापासून गृहीत धरलेलं होतं.

आपल्या सर्पमित्राचं कुठं अडलं?

जाहिरातदारांना काय चालतं आणि काय नाही, याची यादी यूट्यूबनं प्रसिद्ध केलेली आहे. शिवीगाळ, हिंसा, अश्लीलता, अमली पदार्थ, बंदुका, द्वेष पसरवणारं बोलणं, वादग्रस्त विषय, दुर्घटना अशी तिची प्रकरणं आहेत. त्यात एक प्रकरण धक्कादायक मजकुराचं आहे: रक्त, उघड्या जखमा, शस्त्रक्रिया, किळस किंवा धसका बसावा असं काहीही. घोणशीचा पाय तिथं येतो.

पण यादीत नुसतं ‘जखम नको’ असं लिहिलेलं नाही, आणि इथंच बहुतेकांचा गैरसमज होतो. प्रत्येक प्रकरणात तीन पायऱ्या आहेत. जखम दिसते, पण व्हिडिओ शिकवण्यासाठी आहे, दृश्य ओझरतं आहे, आधी-मागे समजावून सांगितलंय, तर पूर्ण जाहिराती मिळू शकतात. जखमेवरच सगळा भर आहे, ती पुन्हा पुन्हा जवळून दाखवली आहे आणि संदर्भ तोकडा आहे, तर पिवळा. फक्त धसका बसवण्यासाठीच दाखवली आहे, तर जाहिरात अजिबात नाही. विषय एकच, दंशही तोच; मांडणीनं पायरी बदलते.

आता आपल्या व्हिडिओकडे यंत्राच्या नजरेनं बघा. शीर्षकात ‘सडला’ आणि उद्गारचिन्ह. थंबनेलवर जखम, तीही बाण काढून दाखवलेली. पहिली वीस सेकंदं जखम. मध्ये कुणीतरी ब्लेडनं पाय चिरतोय असं दृश्य, तेही सविस्तर. डॉक्टर येतात तेव्हा साडेसात मिनिटं उलटून गेलेली असतात. सर्पमित्राच्या दृष्टीनं हा व्हिडिओ डॉक्टरांच्या त्या चार मिनिटांसाठीच केलेला आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ती चार मिनिटं सर्वांत शेवटी दिसतात, जखम सर्वांत आधी.

शीर्षक आणि थंबनेल यांचं वजन किती, हे शिव्यांच्या नियमावरूनही कळतं. पहिल्या सात सेकंदांत जहाल शिवी आली तर पिवळा, असा नियम काही वर्षं होता. २०२५ च्या जुलैमध्ये यूट्यूबनं तो सैल केला. सुरुवातीला अशी शिवी आली तरी आता पूर्ण जाहिराती मिळू शकतात. पण तीच शिवी शीर्षकात किंवा थंबनेलवर असेल, तर सूट नाही. व्हिडिओच्या आत काय आहे ते उघडणाऱ्यालाच दिसतं. दारावर काय लिहिलंय, ते गल्लीतल्या प्रत्येकाला दिसतं. जाहिरातदाराला धास्ती असते ती दाराची.

क्वचित दोष मांडणीचा नसून विषयाचाच असतो. २०२० च्या सुरुवातीला यूट्यूबनं कोरोनाला ‘संवेदनशील घटने’च्या खान्यात टाकलं होतं. त्या काळात साथीवर नेमकी आणि सभ्य भाषेत माहिती देणारेही पिवळ्यात गेले. ११ मार्च २०२० ला यूट्यूबच्या तेव्हाच्या प्रमुख सुझन वोजिस्की यांनी काही चॅनलांसाठी तो विषय मोकळा केला, आणि पुढं ही मुभा वाढत गेली. अशा वेळी कात्री चालवून उपयोग नसतो. नियम बदलेपर्यंत थांबावं लागतं. पण सर्पदंश हा तसला विषय नाही. तो वर्षानुवर्षं दाखवता येण्याजोगा आहे, आणि म्हणूनच इथं दुरुस्तीला वाव आहे.

आधी कात्री, मग अर्ज

आपला सर्पमित्र चिडून लगेच फेरतपासणीचं बटण दाबायला जाईल. तिथंच त्याला थांबवायला हवं, कारण एका व्हिडिओला फेरतपासणी एकदाच मिळते. त्यानंतर माणसानं दिलेला निर्णय अंतिम असतो. पुन्हा अर्ज नाही, वर दाद मागायची सोय नाही. एकच गोळी असलेली बंदूक रागाच्या भरात उडवायची नसते.

शिवाय पहिल्या दोन दिवसांत रंग आपोआपही बदलू शकतो. यंत्रणेची तपासणी चालूच असते. सुरुवातीला पिवळा झालेला व्हिडिओ हिरवा होतो, कधी उलटही घडतं. म्हणून आधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा: यंत्र खरंच चुकलंय, की माझ्या व्हिडिओत त्याला बोट ठेवता येईल अशी जागा आहे? जागा नसेल, म्हणजे व्हिडिओ निर्मळ असून विनाकारण पिवळा झाला असेल, तर वेळ न घालवता अर्ज करावा. जागा असेल, तर आधी ती दुरुस्त करावी.

सर्पमित्राच्या व्हिडिओत जागा आहे. त्यानं करायच्या दुरुस्त्या चार आहेत, आणि त्यातली एकही व्हिडिओ काढून पुन्हा चढवण्याची नाही. तीच फाईल पुन्हा टाकली तर तीच यंत्रणा तेच पाहणार. वर आधीचे व्ह्यूज आणि कॉमेंट गेले ते गेलेच.

पहिली दुरुस्ती शीर्षकाची. ‘घोणस चावली आणि पाय सडला!’ऐवजी ‘घोणस चावल्यावर पहिल्या तासात काय करावं? डॉक्टर सांगतात’. भीती कमी झाली, पण शोधणाऱ्याला हवं तेच मिळतंय.

दुसरी थंबनेलची. सुजलेला पाय काढून तिथं घोणशीचा स्वच्छ फोटो किंवा डॉक्टरांचा चेहरा. साप दिसला म्हणून पिवळा होत नाही. उघडी जखम दिसली की शंका येते.

तिसरी व्हिडिओतली. यूट्यूब स्टुडिओच्या डाव्या बाजूला ‘Editor’ असतो. चढलेल्या व्हिडिओतला नको तो तुकडा त्यात कापता येतो, आणि लिंक बदलत नाही. ‘Blur’ वापरून ठरावीक भाग धूसरही करता येतो. सुरुवातीची वीस सेकंदं जखमेची आहेत, ती कापून टाकली तर व्हिडिओ थेट शेतमजुराच्या घराच्या अंगणातून सुरू होतो. मधल्या दृश्यात ब्लेड पायाला लागतं तो भाग धूसर करायचा. तो पूर्ण काढायची गरज नाही. ‘असं करू नका’ हे सांगायचं तर ते काय करतात हे दिसायला हवं. पण कात कशी आणि किती खोल मारली, हे दिसण्याची गरज नाही. बदल साठवून व्हिडिओ तयार व्हायला काही तास लागू शकतात, तोवर धीर धरायचा.

चौथी वर्णनाची. खालच्या रकान्यात पहिल्या दोन ओळींत साध्या शब्दांत लिहायचं: ‘सर्पदंशानंतरच्या प्रथमोपचारांवरचा हा माहितीपर व्हिडिओ आहे. यातले उपचाराचे मुद्दे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सांगितले आहेत.’ ओळ खरी असली पाहिजे, म्हणजे व्हिडिओत डॉक्टर असले पाहिजेत. नुसतं ‘शैक्षणिक हेतूसाठी’ असं लिहून रक्तपात दाखवणारे पुष्कळ आहेत. त्या ठशाला आता कुणी किंमत देत नाही. संदर्भ व्हिडिओच्या आत दिसावा लागतो.

हे सगळं झाल्यावर एक दिवस थांबावं. कधी कधी यंत्रणाच पुन्हा पाहून हिरवा रंग देते. दिला तर बरं झालं, तुमची गोळी शिल्लक राहिली.

बटण कुठं आहे?

हिरवा झाला नाही तर अर्जाची वेळ आली. हे काम शक्यतो संगणकावर करावं, तिथं सगळं एका नजरेत दिसतं.

studio.youtube.com उघडून चॅनलच्या खात्यानं आत जायचं. डाव्या पट्टीत ‘Content’ आहे, त्यावर क्लिक केलं की सगळ्या व्हिडिओंची यादी येते. त्यात ‘Monetization’ नावाचा उभा रकाना आहे. डॉलरची चिन्हं तिथंच असतात. आपल्या व्हिडिओच्या पिवळ्या चिन्हावर माऊसचा बाण नेऊन क्षणभर थांबायचं. एक छोटी खिडकी उघडते. त्यात जाहिराती का मर्यादित आहेत ते थोडक्यात येतं, आणि खाली ‘Request review’ असतं. त्यावर क्लिक करून पडद्यावरच्या सूचनांप्रमाणे पुढं जायचं. जाहिरातदारांचे नियम वाचलेत आणि आपला व्हिडिओ त्यात बसतो असं वाटतं, हे मान्य करून अर्ज पाठवायचा असतो. स्टुडिओची भाषा मराठी केलेली असेल तर हे शब्द मराठीत दिसतील, जागा मात्र त्याच.

बटण दिसलंच नाही, तर दोनपैकी एक गोष्ट असते. या व्हिडिओची फेरतपासणी आधीच झालेली असते, किंवा अडचण जाहिरातदारांच्या नियमांची नसून दुसरीच असते. गाण्याच्या किंवा दृश्याच्या मालकानं हक्क सांगितला असेल, तर तो कॉपीराईटचा मामला. त्याचा अर्ज वेगळा आणि तो मालकाकडे जातो. व्हिडिओ १८ वर्षांवरच्यांसाठी ठरवला गेला असेल तर त्याची दाद वेगळ्या ठिकाणी. म्हणून खिडकीतला मजकूर शांतपणे वाचावा. पिवळा रंग दिसला की डोळे मिटून पिवळ्याचाच अर्ज करू नये.

अर्ज गेला की यूट्यूबचा तपासनीस, म्हणजे एक माणूस, तो व्हिडिओ पाहतो. कोर्टासारखं पुढं उभं राहून बाजू मांडायची सोय नसते. कुठं चार ओळी लिहायची जागा मिळालीच, तर तिथं ‘माझ्यावर अन्याय झाला’ असं लिहू नये. ‘सातव्या मिनिटापासून वैद्यकीय अधिकारी प्रथमोपचार सांगतात, जखमेचं दृश्य धूसर केलं आहे’ एवढं पुरतं. खरा युक्तिवाद व्हिडिओच करतो. म्हणूनच कात्री आधी.

उत्तर यायला सात दिवसांपर्यंत लागू शकतात. ते स्टुडिओतच त्या चिन्हाच्या जागी कळतं: रंग बदललेला असतो, किंवा खिडकीत लिहिलेलं असतं की, माणसानं पाहून निर्णय कायम ठेवलाय. निर्णय आपल्या बाजूनं लागला, तर तिथून पुढं पूर्ण जाहिराती सुरू होतात. मधल्या दिवसांचं बुडालेलं उत्पन्न मागाहून मिळत नाही.

आपल्या सर्पमित्राला हे कुठं लागतं ते उघड आहे. व्हिडिओ नागपंचमीच्या आदल्या दिवशी टाकला. दोन दिवस थांबणं आणि दुरुस्ती यात गेले, मग अर्ज, मग सहाव्या दिवशी हिरवा डॉलर. तोवर वारुळं शांत झाली, लोकांचं लक्ष राखीपौर्णिमेकडे लागलं. नव्या व्हिडिओला जे काही बघणारे मिळतात त्यातले पुष्कळ पहिल्या काही दिवसांतच मिळतात, आणि ते दिवस पिवळ्यात गेले. अर्ज जिंकूनही हंगाम हातचा गेला.

आणि निर्णय विरोधात लागला असता तर? मग त्या व्हिडिओचा तो विषय संपला. तो तसाच ठेवता येतो. लोक पाहतील, चॅनल वाढेल, थोडे पैसे इकडून तिकडून येतील. किंवा त्याच माहितीचा नवा व्हिडिओ वेगळ्या मांडणीनं करता येतो, जखमेऐवजी डॉक्टरांपासून सुरू होणारा. एक पिवळा डॉलर म्हणजे चॅनलवर डाग, असंही समजायचं कारण नाही. हा निर्णय त्या एका व्हिडिओपुरता असतो.

हंगामाआधीची पेरणी

यातला खरा धडा बटणाचा नाही, तारखेचा आहे. रंग लागतो तो व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यावरच, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. व्हिडिओ चढवताना ‘Checks’ नावाची एक पायरी येते. तिथं यंत्रणा कॉपीराईट आणि जाहिरातींची योग्यता आधीच तपासून सांगते. व्हिडिओ ‘Unlisted’ किंवा ‘Private’ ठेवून हे पाहता येतं, म्हणजे तो लोकांपर्यंत पोचण्याआधीच पिवळा की हिरवा ते कळतं. पिवळा निघाला तर दुरुस्ती, थांबणं, फेरतपासणी हे सगळं पडद्यामागं करता येतं, आणि ठरल्या दिवशी हिरवा व्हिडिओ लोकांपुढं येतो.

त्याच वेळी यूट्यूब एक प्रश्नावलीही भरायला देतं: व्हिडिओत शिव्या आहेत का, जखमा आहेत का, हिंसा आहे का, असतील तर किती. इथं बरेच जण सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळे होतात. ती सर्वांत महागात पडणारी सवय आहे. तुमचं उत्तर आणि तपासणीत सापडलेली गोष्ट यांची तुलना होते. सातत्यानं नेमकी उत्तरं दिली तर यूट्यूब तुमच्या शब्दावर अधिक विसंबायला लागतं. दडवून ठेवलं तर तुमच्या उत्तराला किंमत उरत नाही आणि प्रत्येक व्हिडिओ यंत्राच्या दयेवर राहतो. सर्पमित्रानं जखमेच्या प्रश्नाला ‘आहे, पण माहिती देण्यासाठी, थोडा वेळ’ अशा अर्थाचा पर्याय निवडणं, हाच त्याच्या फायद्याचा खरेपणा.

आणखी एक गोष्ट अर्जाबद्दल. तो करण्यात संकोच नसावा. माणसानं दिलेले निर्णय यंत्राला शिकवण्यासाठी वापरले जातात, असं यूट्यूब सांगतं. मराठीतल्या एखाद्या सर्पदंशाच्या व्हिडिओला मिळालेला हिरवा रंग हे त्या यंत्रासाठी एक उदाहरण ठरतं. निर्मळ व्हिडिओ पिवळा झाला आणि मालक मुकाट बसला, तर यंत्राला आपण चुकलो हे कळायचा रस्ताच उरत नाही.

पुढच्या वर्षी आपला सर्पमित्र नागपंचमीचा व्हिडिओ आषाढातच चढवतो. आठवड्याला नीट वाव ठेवून, दिव्याच्या अवसेच्याही बरंच आधी, ‘Private’ ठेवून. ‘Checks’मध्ये पिवळा दिसतो. तो चिडत नाही. पहिली वीस सेकंदं पुन्हा पाहतो, मण्यारीच्या दंशानंतर धाप लागलेल्या मुलाचा चेहरा त्यात फार जवळून आलेला असतो. तेवढं दृश्य तो धूसर करतो, दुसऱ्या दिवशी अर्ज टाकतो आणि शेजारच्या वाडीत निघालेली धामण पकडायला जातो. श्रावण लागेपर्यंत उत्तर येतं.